मार्केट कॅप म्हणजे कंपनीची किंमत नव्हे: कर्ज आणि रोकड मोजल्यावर काय बदलतं

मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरने मला त्याची एक्सेल शीट दाखवली. पीएच.डी.च्या प्रस्तावासाठी त्याला 'स्वस्त' आणि 'महाग' अशा दोन गटांत कंपन्या विभागायच्या होत्या. पद्धत सोपी होती: मार्केट कॅपला वार्षिक विक्रीने भागायचं, आणि उत्तर 1 पेक्षा कमी आलं की कंपनी 'स्वस्त'. 2022-23 च्या यादीत स्वस्त गटात वरच्या बाजूला एक नाव होतं, व्होडाफोन आयडिया. मार्केट कॅप सुमारे 28 हजार कोटी, विक्री सुमारे 42 हजार कोटी, गुणोत्तर 0.67.

म्हणजे 1 रुपयाची विक्री 67 पैशांत मिळते आहे? एवढं स्वस्त असेल तर कोणी घेत का नव्हतं?

भागाकार बरोबर होता. चूक अंशात होती, आणि ती इतकी साधी दिसते की प्रस्ताव वाचणाऱ्यांच्याही नजरेतून सुटू शकते. म्हणून आज तेवढीच एक गोष्ट नीट बघू.

फ्लॅट, कर्ज आणि कपाटातले पैसे

समजा, एकाचा फ्लॅट आहे आणि त्यावर बँकेचं 50 लाखांचं कर्ज बाकी आहे. तो तुम्हाला म्हणतो, "मला 30 लाख दे, कर्ज तुझ्या नावावर घे, फ्लॅट तुझा." तर फ्लॅट तुम्हाला 30 लाखांना पडला का? नाही, 80 लाखांना पडला. त्या घरात तुमचं होणारं एक कपाट आहे आणि त्यात 5 लाख रोख ठेवलेले आहेत, असंही समजा. मग खरा खर्च 75 लाख, कारण 5 लाख लगेच तुमच्या खिशात परत येतात.

कंपनीचंही असंच. शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, म्हणजे मार्केट कॅप. ही मालकांच्या वाट्याची किंमत, वरच्या उदाहरणातले 30 लाख. संपूर्ण व्यवसायाची किंमत म्हणजे एंटरप्राइज व्हॅल्यू, थोडक्यात ईव्ही:

ईव्ही = मार्केट कॅप + कर्ज − रोकड

(उपकंपन्यांमध्ये बाहेरच्यांचा हिस्सा असेल किंवा प्रेफरन्स शेअर असतील तर तेही मिळवावे लागतात. आजच्या उदाहरणात त्याने फरक पडत नाही.)

आता व्होडाफोन आयडियाकडे परत येऊ. 31 मार्च 2023 ला शेअरचा भाव 6 रुपयांच्या थोडा खाली होता आणि शेअर होते सुमारे 4,868 कोटी. त्यावरून मार्केट कॅप सुमारे 28 हजार कोटी. कंपनीने जाहीर केलेलं एकूण कर्ज मात्र होतं सुमारे 2 लाख 9 हजार कोटी. त्यात बँकांचा वाटा लहान होता. बहुतेक रक्कम सरकारला द्यायची होती: स्पेक्ट्रमचे पुढे ढकललेले हप्ते आणि एजीआरची देणी. हाताशी रोकड होती फक्त 230 कोटींच्या आसपास.

बेरीज करा. ईव्ही येते सुमारे 2 लाख 37 हजार कोटी. शेअरधारकांचा वाटा त्यातला जेमतेम 12 टक्के. ज्युनिअरने या 12 टक्क्यांना पूर्ण व्यवसायाच्या विक्रीने भागलं होतं. विक्रीतून आलेला पैसा मात्र एकट्या शेअरधारकांचा नसतो, त्यातूनच सरकारचे हप्ते आणि बँकेचं व्याज जातं. म्हणून विक्रीसमोर ईव्ही ठेवायला हवी. तसं केलं की गुणोत्तर 0.67 वरून थेट 5.6 वर जातं. 'स्वस्त' गटातली कंपनी एका ओळीत दुसऱ्या गटात गेली.

कर्ज मिळवलं म्हणून किंमत वाढते का?

इथे बहुतेकजण अडखळतात, मीही अडखळलो होतो. सूत्रात कर्जापुढे अधिकचं चिन्ह आहे, मग जास्त कर्ज म्हणजे जास्त मौल्यवान कंपनी?

एक काल्पनिक कंपनी घ्या. मार्केट कॅप 1,000 कोटी, कर्ज नाही, रोकड नाही. ईव्ही 1,000. आता तिने 300 कोटींचं कर्ज काढलं आणि पैसे बँकेत ठेवले. कर्ज 300 ने वाढलं, रोकड 300 ने वाढली, ईव्ही 1,000 च राहिली. मग ते 300 कोटी तिने लाभांश म्हणून वाटून टाकले. रोकड गेली, आणि शेअरधारकांच्या हातात 300 कोटी आल्यामुळे त्यांच्या शेअरची किंमत तेवढीच उतरली: मार्केट कॅप 700, कर्ज 300, ईव्ही पुन्हा 1,000.

म्हणजे कर्ज मिळवून आपण किंमत फुगवत नाही. बाजाराने शेअरच्या भावातून जे आधीच वजा केलेलं असतं, ते आपण परत जागेवर ठेवतो. भाकरी तेवढीच राहते, कोणाच्या ताटात किती जाते एवढंच बदलतं. मोदिग्लियानी आणि मिलर यांचा 1958 चा प्रसिद्ध निबंध हेच सांगतो, फक्त कर, दिवाळखोरीचा खर्च वगैरे बाजूला ठेवून.

याची जवळपास प्रयोगशाळेतल्यासारखी चाचणी याच कंपनीत झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने पुढे ढकललेल्या देण्यांवरच्या व्याजाचे सुमारे 16,133 कोटी रुपये रोख न घेता त्याबदल्यात शेअर घेतले, प्रत्येकी 10 रुपयांना, म्हणजे सुमारे 1,613 कोटी नवे शेअर. सरकारचा हिस्सा 33 टक्क्यांच्या आसपास गेला. बाजारात तेव्हा भाव 10 रुपयांच्या बराच खाली होता. हिशेबासाठी 7 रुपये धरू.

आधी शेअर होते सुमारे 3,255 कोटी, म्हणजे मार्केट कॅप 22,785 कोटी. देणं 16,133 कोटींनी कमी झालं. टॉवर तेच, ग्राहक तेच, स्पेक्ट्रम तेच, मग ईव्ही बदलायला कारण नाही. तेव्हा मार्केट कॅप तेवढ्यानेच वाढायला हवी: 22,785 + 16,133 = 38,918 कोटी. याला नव्या 4,868 कोटी शेअरने भागलं की भाव येतो 8 रुपये.

गंमत बघा, शेअरची संख्या दीडपट झाली तरी भाव उतरण्याऐवजी वर जायला हवा, कारण सरकारने बाजारभावापेक्षा महाग दराने शेअर घेतले. त्या बातमीनंतर शेअर खरोखरच उसळला. त्या उसळीत 'सरकार आता मागे उभं आहे' हा दिलासाही मिसळलेला होता, त्यामुळे सगळं श्रेय आपल्या सूत्राला देऊ नका.

डेटासेटमध्ये हे कसं दिसतं? मार्केट कॅपच्या रकान्यात एका महिन्यात मोठी उडी. तुम्ही तिला 'कंपनीची वाढ' समजून रिग्रेशनमध्ये टाकलीत तर चूक, व्यवसायात काहीच वाढलेलं नाही. 2025 मध्ये पुन्हा 36,950 कोटींचं रूपांतर झालं, तेव्हाही अशीच उडी दिसेल. ती पकडायची साधी खूण म्हणजे भावाशेजारी शेअरसंख्येचा रकाना ठेवा. संख्या अचानक वाढली की थांबून बघा, बदल्यात रोकड आली की कर्ज गेलं.

रोकड वजा करताना

रोकडीची बाजू समजायला गुगलचं उदाहरण चांगलं आहे. 2012 मध्ये गुगलने मोटोरोला मोबिलिटी सुमारे 12.4 अब्ज डॉलरला घेतली. बातम्यांत तोच आकडा गाजला. पण कंपनीबरोबर तिची सुमारे 2.9 अब्ज डॉलर रोकडही आली. म्हणजे फोनचा धंदा आणि पेटंट यांची किंमत साडेनऊ अब्जांच्या आसपास पडली. नंतर 'गुगलने किती गमावले' असा हिशेब मांडताना सुरुवातच 12.4 ने केली, तर जवळपास चौथा भाग आधीच चुकतो.

पण ताळेबंदातली सगळी रोकड डोळे मिटून वजा करू नका. ग्राहकांचे ठेवलेले पैसे, तारण म्हणून अडकलेल्या ठेवी, रोजचा धंदा चालवायला लागणारी रक्कम, यातलं काहीच नव्या मालकाला खिशात घालता येत नाही. वार्षिक अहवालातल्या टिपा उघडल्याशिवाय हे कळत नाही. सॉफ्टवेअरमधून डाउनलोड केलेल्या एका रकान्यात हे सगळं एकत्र आलेलं असू शकतं.

दोन ठिकाणी हे सूत्र घसरतं

पहिलं, अंश आणि छेद यांची जुळणी. 2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडे इंड एएस 116 लागू झालं. त्यानंतर टॉवरच्या भाड्यासारखा बराच खर्च एबिटामधून वजा होत नाही, तो ताळेबंदात 'लीज देणी' म्हणून जातो. व्होडाफोन आयडियाचा 2022-23 चा एबिटा सुमारे 16,800 कोटी होता, भाडं असं बाजूला काढून. कंपनीने जाहीर केलेल्या कर्जात मात्र लीज देणी धरलेली नव्हती. वरची ईव्ही त्या एबिटाने भागली तर 14 येतं, पण ते फसवं आहे: भाड्याचा खर्च खालून काढला आणि भाड्याचं देणं वर धरलंच नाही. एकतर लीज देणी ईव्हीत घ्या, नाहीतर भाडं वजा केलेला एबिटा वापरा.

दुसरं, कर्जाची किंमत. मार्केट कॅप आपण बाजारभावाने घेतो आणि कर्ज ताळेबंदातल्या आकड्याने. सुदृढ कंपनीत फरक थोडाच असतो. पण ज्या कंपनीचं देणं पूर्ण परत मिळेल का याचीच शंका आहे, तिचं 100 रुपयांचं कर्ज आज 100 रुपयांचं नसतं. तिथे 2 लाख 37 हजार कोटी ही ईव्ही वरची मर्यादा समजा, मोजमाप नव्हे. अशा कंपन्यांवर काम करणार असाल तर निष्कर्ष कर्जाची किंमत कमी धरूनही टिकतो का, ते तपासा. आणि बँका, एनबीएफसी या नमुन्यातून वेगळ्याच काढा. त्यांच्यासाठी कर्ज हा धंद्याचा कच्चा माल असतो, त्यामुळे ईव्हीला तिथे अर्थ राहत नाही.

ज्युनिअरने शीटमध्ये तीन रकाने वाढवले: कर्ज, लीज देणी, रोकड. 'स्वस्त' गटातल्या बऱ्याच कंपन्या बाहेर पडल्या, आणि ज्या पडल्या त्या बहुतेक कर्जबाजारी होत्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की जुन्या पद्धतीने तो स्वस्त कंपन्या शोधतच नव्हता, कर्जात बुडालेल्या कंपन्या गोळा करत होता. सहा महिन्यांनी व्हायव्हात कळण्यापेक्षा आत्ता कळलं, हे बरं.