मुलाखतीत सुचवलेलं पुस्तक आणि नंतरचा मेल

मुलाखत संपत आलेली असते. औपचारिक प्रश्न झालेले असतात, आणि बोलता बोलता मुलाखत घेणारे म्हणतात, "गावंडे यांचं चेकलिस्टवरचं वाचा. तुम्हाला आवडेल." उमेदवार मान डोलावतो, बाहेर येतो, आणि स्टेशनला पोहोचेपर्यंत नाव विसरतो. काही जण मात्र ते पुस्तक खरोखर मिळवून वाचतात आणि चार-पाच दिवसांनी एक छोटा मेल पाठवतात. असा मेल नेमका कसा लिहावा, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, भिवंडीतल्या औषधांच्या एका गोदामात डिस्पॅच विभागासाठी शिफ्ट सुपरवायझर हवी आहे. मंगळवारी मुलाखत झाली. तीत गोदामाची एक जुनी अडचण निघाली. माल चढवताना चाळीस मुद्द्यांचा फॉर्म भरला जातो, त्यावर सह्याही असतात, तरी अधूनमधून चुकीच्या बॅचची खोकी ट्रकमध्ये जातात. त्यावरूनच गावंडे यांचं नाव आलं.

पहिलं काम तिथेच करायचं असतं. "नाव पुन्हा सांगाल का, लिहून घेते," असं विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. या उदाहरणात तर ते विचारावंच लागतं. बॉस्टनमधले शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांनी या विषयावर दोनदा लिहिलं आहे. 'द चेकलिस्ट' हा त्यांचा लेख 'द न्यू यॉर्कर' साप्ताहिकात डिसेंबर 2007मध्ये आला, आणि 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' हे पुस्तक 2009मध्ये. गावंडे यांचे वडील मूळचे विदर्भातले, त्यामुळे नाव ओळखीचं वाटतं. पण सुचवलं लेख की पुस्तक, हे नावावरून कळत नाही. लेख एका बैठकीत वाचून होतो, पुस्तकाला काही दिवस लागतात. पुढचं वेळापत्रक त्यावर ठरतं.

या उमेदवाराला पुस्तक सुचवलं होतं. त्याच संध्याकाळी तिने आभाराचा दोन-तीन ओळींचा मेल पाठवला. त्यात पुस्तकाविषयी एवढंच होतं, की ते मिळवून वाचणार आहे. निर्णय आठवड्याभरात कळेल, असं मुलाखतीत सांगितलं होतं. म्हणजे हातात शनिवार-रविवार होता. एवढ्या वेळात पुस्तक संपलं नाही, तर जेवढं वाचलं तेवढंच सांगावं.

आता वाचायचं काय? "कामात चेकलिस्ट फार उपयोगी असते," हे वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येतं. मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असतं, त्यामुळे असं वाक्य त्याला लगेच ओळखू येतं. म्हणून पुस्तकात अशी जागा शोधायची, जिथे आपली आधीची समजूत अडखळली.

या पुस्तकात तशा जागा आहेत. 1935मध्ये बोइंगचं 'मॉडेल 299' हे नवं बॉम्बर विमान ओहायोमधल्या चाचणीत उड्डाण करताच कोसळलं. विमान जमिनीवर उभं असताना त्याचे हलणारे भाग जखडून ठेवणारं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. वैमानिक अनुभवी होता. त्यानंतर लष्कराच्या वैमानिकांनी छोट्या याद्या वापरायला सुरुवात केली. उडायचं कसं, हे त्या याद्या शिकवत नव्हत्या. जाणत्या माणसाकडूनही जे राहून जातं, तेवढंच त्यांत होतं.

दुसरी जागा अपयशाची आहे. गावंडे यांनी शस्त्रक्रियेसाठी केलेली पहिली यादी स्वतःच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये वापरून पाहिली, आणि ती फसली. ती लांब होती आणि संदिग्ध होती. पुढे बोइंगमध्ये याद्या तयार करणाऱ्या माणसाला भेटल्यावर त्यांना दोन गोष्टी उमगल्या. यादी साधारण पाच ते नऊ मुद्द्यांची असावी, आणि ती कोणत्या क्षणी थांबून वाचायची, हे आधी ठरलेलं असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असे तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं.

हे आकडे कोणाच्याही लक्षात राहतील असे आहेत, आणि नेमके तेच उमेदवार मेलमध्ये उतरवून काढतात. पुस्तक सुचवणाऱ्याला ते ठाऊक असतात. पुस्तकाने उमेदवाराच्या कामात काय हललं, हे त्याला ठाऊक नसतं. मेलमध्ये तेच यायला हवं. आपल्या उमेदवाराने सोमवारी सकाळी हे लिहिलं:

"नमस्कार सर. मंगळवारी आपण 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' सुचवलं होतं. निम्मं वाचून झालं आहे. चूक झाली की यादीत एक मुद्दा वाढवायचा, असं मी आजवर मानत होते, आणि आधीच्या गोदामात तसे दोन मुद्दे मीच वाढवले होते. गावंडे यांची पहिली यादी का फसली हे वाचताना आठवलं, की आमची यादी लांबली तशा सगळ्या सह्या काम संपल्यावर एकदम होऊ लागल्या होत्या. आपण सांगितलेल्या बॅचच्या अडचणीत मी आता आधी हे पाहीन, की फॉर्म भरला कधी जातो: ट्रक सील होण्याआधी की नंतर? पुस्तक सुचवल्याबद्दल आभार."

मेल एवढाच आहे. वाचलं तेवढंच कबूल केलं आहे, पुस्तकातली एकच गोष्ट घेतली आहे, तिला स्वतःच्या कामातला पुरावा जोडला आहे आणि शेवटी त्यांच्याच अडचणीकडे वळली आहे. गोदाम कसं सुधारावं याचा सल्ला नाही. आत काय चालतं, हे तिला अजून माहीत नाही. नोकरीची आठवणही करून दिलेली नाही, कारण ती करून दिली की आधीचा मजकूर निमित्त वाटू लागतो.

मेल आभाराच्या मेललाच जोडून पाठवावा, म्हणजे कोण, कुठली मुलाखत, हे शोधावं लागत नाही. मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता नसेल, तर एचआरला पाठवून पुढे पोहोचवण्याची विनंती करावी. त्यांचा खासगी नंबर मिळवून व्हॉट्सअॅपवर लिहू नये. पुस्तक पटलं नसेल, तर तेही लिहिता येतं, मात्र कारण हवं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 101 रुग्णालयांत हीच यादी सक्तीने आली, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, असं 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. यादी वरून लादली तर काय होतं, असा प्रश्न त्यातून प्रामाणिकपणे विचारता येतो.

काही ठिकाणी मात्र असा मेल पाठवूच नये. सरकारी आणि बँकांच्या भरतीच्या जाहिरातींत बहुधा एक अट छापलेली असते: कोणत्याही प्रकारे वशिला लावण्याचा प्रयत्न झाल्यास उमेदवार अपात्र. निवड समितीतल्या सदस्याला पुस्तकाबद्दल लिहिलेलं साधं पत्रही तिथे संशयाने पाहिलं जाऊ शकतं.

खासगी कंपनीतही उत्तर येईलच असं नाही. कधी निर्णय आधीच झालेला असतो. ठरलेली मुदत उलटली, तर एचआरला निकालाविषयी एकदा विचारावं आणि त्यात पुस्तक पुन्हा आणू नये. दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं, तर मात्र उरलेलं निम्मं पुस्तक वाचूनच जावं. "मग, पुढे काय वाचलंत?" हा प्रश्न तिथे येण्याची शक्यता बरीच असते.