आईचा आयएनआर आणि वॉरफरिनची गोळी

हिवाळ्यात नाशिकच्या बाजारात मेथी-पालक स्वस्त होतात, ताटात वाढतात आणि त्यांतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा असर कमी करतं. आईला मायट्रल जागी धातूची झडप, आयएनआर २.५ ते ३.५ हवा. रिपोर्टमध्ये प्रोथ्रॉम्बिन टाइम २४ सेकंद, कंट्रोल १२, आयएनआर २.०. सेकंद लॅबच्या रसायनानुसार बदलतात, म्हणून तुलना आयएनआरचीच करावी.

डॉक्टर आठवड्याची बेरीज बघतात. रोज ४ मिग्रॅ म्हणजे २८. त्यांनी साधारण दहा टक्के वाढवून ३१ केले: तीन दिवस ५, चार दिवस ४. आधीच बनलेले गोठण-घटक रक्तातून सावकाश सरतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी तपासण्यात अर्थ नाही, आठवड्याने तपासायचं. भाजी बंद नको, प्रमाण सारखं ठेवावं. काळी शी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर मात्र थेट दवाखाना.