पारा, सोने आणि देह : किमयेबद्दलचे चार गैरसमज

वाई-साताऱ्याच्या शास्त्रीपरंपरेत दर्शनांचे अध्ययन पिढ्यानपिढ्या चालले. साताऱ्याचे वैयाकरण भास्करशास्त्री अभ्यंकर यांचे नातू वासुदेवशास्त्री यांनी चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’वर संस्कृत टीका लिहिली. ती १९२४ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापली. या ग्रंथात नवव्या क्रमांकावर एक अनपेक्षित दर्शन येते : रसेश्वर दर्शन, म्हणजे पाऱ्याच्या साहाय्याने मोक्ष. किमयेबद्दलचे आपले बरेच समज त्याच्यासमोर टिकत नाहीत.

गैरसमज : किमयागारांना फक्त सोने हवे होते.

वस्तुस्थिती : रसेश्वर मताचा मुद्दा असा, की इतर दर्शने मुक्ती देतात ती मेल्यावर, आणि मेल्यावरचे कोणी पाहिलेले नाही. मुक्ती जिवंतपणी अनुभवायची तर योगसाधना पुरी होईपर्यंत देह टिकला पाहिजे. तो टिकवण्यासाठी सिद्ध केलेला पारा सेवन करायचा, याला ‘देहवेध’ म्हणत. त्याआधी ‘लोहवेध’ : तोच पारा हलक्या धातूवर घालून त्या धातूचे सोने होते का, हे पाहायचे. सोने ही पाऱ्याची परीक्षा होती, साध्य देह होता. पैशासाठी सोन्यामागे लागलेले लोकही होतेच, पण या दर्शनाने त्यांचे ध्येय स्वीकारलेले नाही.

गैरसमज : किमयेच्या पायऱ्या म्हणजे अर्थहीन मंत्रतंत्र.

वस्तुस्थिती : पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितले आहेत आणि पहिले आठ तर शुद्धीकरणाच्या सरळ कृती आहेत. ‘स्वेदना’त पाऱ्याची पुरचुंडी कांजीच्या भांड्यात टांगून तीन दिवस शिजवतात. ‘मर्दना’त गूळ, मीठ, विटेची पूड, चुलीवरची काजळी अशा वस्तूंबरोबर तो खलतात. ‘मूर्च्छना’त कोरफड, त्रिफळा आणि चित्रक वापरतात. यातली कोरफड मळ काढते, त्रिफळा दाह आणि चित्रक विष, अशी धारणा. खलता खलता पाऱ्याची चकाकी व चंचलपणा जातो, त्याचे बारीक कण होतात : तो मूर्च्छित झाला. ‘उत्थापना’त तो धुऊन पुन्हा एकत्र आणतात, म्हणजे तो उठला.

‘पातना’त पारा तांब्याबरोबर खलून तापवतात. पाऱ्याची वाफ वरच्या भांड्यात जमते, त्यातली शिसे-कथिलाची भेसळ मागे राहते. हे खरेखुरे ऊर्ध्वपातन आहे. यात दमलेल्या पाऱ्याला ‘बोधना’ने जोम आणायचा, ‘नियमना’ने आवरायचे, ‘दीपना’ने त्याची भूक चेतवायची. पुढच्या संस्कारांत तो अभ्रक, सोने गिळतो, पचवतो, रंग धरतो आणि शेवटी दुसऱ्या धातूत व देहात शिरतो.

हा क्रम साधकाचाही आहे : घाम, कष्ट, मूर्च्छा, उठणे, संयम, भूक, पचन आणि मग इतरांना बदलण्याची शक्ती. पारा शिवाचे बीज मानला, तर अभ्रक पार्वतीचे. त्यामुळे भट्टीत चालले होते ते साधकाच्या दृष्टीने पूजेइतकेच गंभीर होते.

गैरसमज : म्हणजे किमया हे निव्वळ मनाचे रूपक होते.

वस्तुस्थिती : हा आधुनिक समज आहे. एकोणिसाव्या शतकात काही पाश्चात्त्य लेखकांनी तो मांडला आणि कार्ल युंग यांनी १९४४ च्या ‘सायकॉलॉजी अँड अल्केमी’ या ग्रंथात त्याला मानसशास्त्राचे बळ दिले. युरोपीय किमयेच्या काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या आणि तांबड्या अवस्था त्यांनी मनाच्या प्रवासाशी जोडल्या : काळेपणात आपल्याच अंधाऱ्या बाजूशी गाठ पडते, तांबडेपणात दुभंगलेले मन एक होते. मनाचे वाचन म्हणून ते उपयोगी आहे. पण विज्ञानेतिहासकार लॉरेन्स प्रिन्सिपे यांनी जुन्या कृती प्रयोगशाळेत करून पाहिल्या, तेव्हा अनेक चित्रविचित्र वर्णनांमागे प्रत्यक्ष रासायनिक क्रिया सापडल्या. आपल्याकडच्या रससिद्धांनाही खराखुरा पारा आणि खराखुरा देहच अभिप्रेत होता. आतला बदल आणि भट्टीतला बदल यांत ते निवड करत नव्हते.

गैरसमज : संस्कार केले की पारा निर्विष होतो.

वस्तुस्थिती : ऊर्ध्वपातनाने पाऱ्यातली भेसळ जाते, पाऱ्याचा पारेपणा जात नाही. त्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंडे यांना घातक असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. म्हणून यातली एकही कृती घरी करू नये. पाऱ्याने सोनेही होत नाही : सोन्याचा अणुक्रमांक ७९, पाऱ्याचा ८०. खलून, शिजवून, तापवून हा फरक मिटत नाही. पिवळा दिसणारा मिश्रधातू किंवा मुलामा मिळेल, पण वितळवून शुद्ध करायला घेतला की त्याचे बिंग फुटते.

रससिद्धांचा स्वतःचा नियमच इथे निकाल देतो. धातूवरच्या परीक्षेत उतरलेला पाराच देहाला द्यायचा, असे ते सांगत. धातूचे सोने कधीच झाले नाही. तेव्हा त्यांच्याच कसोटीने तो पारा सेवनाला नापास ठरतो.