पणतीचा उजेड कुठल्या लेयरवर?

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं. वाड्याच्या दारात पणती घेऊन उभी असलेली बाई. बाई स्टुडिओतली, दार दुसऱ्या फोटोतलं, रांगोळी तिसऱ्या. ही जोडणी करणारा सहकारी आजारी पडला आणि फोटोशॉपची फाइल माझ्याकडे आली. काम एवढंच, की बाईच्या गालावरचा उजेड जरा कमी करायचा. फाइलमध्ये 64 लेयर निघाले आणि त्यांची नावं Layer 14, Layer 14 copy 3, Curves 2 अशी. एकेका लेयरचा डोळा बंद-चालू करत पाऊण तास घालवला, तेव्हा कुठे उजेड सापडला, तोही तीन ठिकाणी विखुरलेला.

लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. वरचा खालच्याला झाकतो किंवा त्याचा रंग बदलतो. त्यामुळे नावात दोन गोष्टी हव्यात: लेयर कशाचा आहे आणि तो काय करतो. 'बाई – गालावर पणतीचा उजेड' वाचलं की शोधायचं काही उरत नाही. Curves 2 फक्त साधनाचं नाव सांगतं, आणि ते तर शेजारच्या चिन्हावरूनही कळतं.

ग्रुप मात्र वस्तूप्रमाणे करावेत: बाई, पणती, दार, रांगोळी. कारण संपादक 'कर्व्ह्ज बदला' असं सांगत नाहीत, 'बाई थोडी डावीकडे घ्या' म्हणतात. म्हणून बाईची सावली दारावर पडलेली असली, तरी ती बाईच्याच ग्रुपमध्ये, सगळ्यात खाली ठेवायची.

दुसऱ्याची फाइल लावताना जपावं लागतं ते इथे. लांबलांबचे लेयर निवडून Ctrl+G दाबलं, की ते सगळे निवडलेल्यांतल्या सर्वांत वरच्या लेयरच्या जागी गोळा होतात. क्रम बदलतो आणि कधीकधी चित्रही. शिवाय ग्रुपचा मोड Pass Through असेल, तर आतल्या लेयरचा परिणाम खालच्या चित्रापर्यंत पोहोचतो. Normal केला की तो ग्रुपमध्येच अडतो. पणतीची ज्योत काळ्या पार्श्वभूमीवर टिपून Screen मोडमध्ये बसवलेली होती. मी तिचा ग्रुप Normal केला आणि ज्योतीभोवती काळा चौकोन उमटला.

तेव्हापासून आवराआवरीआधी पूर्ण चित्राची एक सपाट प्रत काढून ठेवते. काम झालं की ती सगळ्यात वर ठेवून Difference मोड लावायचा. पडदा पूर्ण काळा दिसला तर चित्र जसंच्या तसं आहे. कुठे रंग चमकला तर तिथे काहीतरी हललंय. फिकट फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून वर Levels लावून उजळून बघते. तपासून झालं की दोन्ही काढून टाकते.

दहा दिवसांनी सहकारी परतला आणि बाई खरोखरच डावीकडे घ्यायची वेळ आली. त्यानं 'बाई' ग्रुप सरकवला, सावलीही सोबत गेली. दारावरचा उजेड तेवढा जागेवर राहिला, कारण मी तो 'दार' ग्रुपमध्ये ठेवला होता. त्यानं नाव वाचलं, तो लेयर उचलला आणि 'पणती'त टाकला.