टीव्हीचे स्थलांतर: छत्रीपासून पडद्यापर्यंत

घर बदलताना टीव्हीच्या बाबतीत पहिले काम बांधाबांधीचे नसून चौकशीचे असते. जोडणी स्थानिक केबलची असेल, तर सेट टॉप बॉक्स फक्त त्याच कंपनीच्या जाळ्यात चालतो. नव्या भागात दुसऱ्या कंपनीची केबल असली, की जुना बॉक्स तिथे निरुपयोगी ठरतो. तो अनामत भरून घेतलेला असल्यास केबलवाल्याला परत करावा, अनामत मागावी आणि पावती जपून ठेवावी. छत्रीच्या जोडणीला हे बंधन नसते. उपग्रहाचे प्रक्षेपण देशभर पोचत असल्याने नागपूरचा बॉक्स पुण्यातही चालतो. खासगी डीटीएच असेल, तर नवा पत्ता कळवून छत्री हलवण्याची विनंती निघण्यापूर्वीच नोंदवलेली बरी.

छत्रीसाठी नव्या घरातून आकाशाचा नेमका कोणता भाग दिसतो, हे घर ठरवतानाच पाहावे. डीडी फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपुरातून तो दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे 35 अंशांवर दिसतो, पुण्यातून सुमारे 48 अंशांवर. दोन्हीकडे तो क्षितिजापासून साधारण 60 अंश उंच असतो. म्हणजे नागपूरहून पुण्याला आलेल्या कुटुंबाची छत्री जुन्या खुणेवर बसवली, तर ती सुमारे 13 अंशांनी चुकते. घरगुती छत्रीला तर दोन-तीन अंशांची चूकही चालत नाही. पुण्यातल्या फ्लॅटची गॅलरी वायव्येला असेल, तर तिथून उपग्रह दिसणारच नाही. मग छत्री गच्चीवर न्यावी लागते. त्यासाठी सोसायटीची परवानगी आणि गच्चीपासून खोलीपर्यंत पुरेल एवढी नवी केबल, दोन्हींची सोय आधीच करावी लागते.

सोडवण्यापूर्वी टीव्हीच्या आणि बॉक्सच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती कुठून कुठे जाते ते लिहावे. त्यानंतर बॉक्सचा प्लग भिंतीतून काढावा आणि मगच छत्रीची केबल सोडवावी. या क्रमाला कारण आहे. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला वीज बॉक्समधून त्याच केबलने मिळते. बॉक्स चालू असताना केबल ओढली आणि मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली, तर शॉर्ट होऊन बॉक्स बिघडू शकतो. बॉक्समधले कार्ड बाहेर काढू नये. ते बहुधा त्याच बॉक्सशी बांधलेले असते. अडॅप्टर, रिमोट आणि छोट्या केबल बॉक्ससोबत एकाच पिशवीत राहाव्यात, रिमोटमधले सेल मात्र काढून ठेवावेत. छत्रीची केबल मोठ्या वेटोळ्यात गुंडाळावी. घट्ट दुमडल्यास आतले आवरण दबते आणि सिग्नल कमकुवत होतो.

टीव्हीसाठी मूळ खोका सर्वांत उत्तम. तो नसल्यास पडद्यावर स्वच्छ मऊ कापड, त्यावर फोम आणि बाहेरून जाड पुठ्ठा बांधावा. चिकटपट्टी पडद्याला लावू नये. मोठा टीव्ही दोघांनी खालच्या कडेला धरून उचलावा, पडद्यावर बोटे दाबू नयेत. गाडीत तो उभाच ठेवावा. आडवा ठेवला की पातळ काचेला कडेचा आधार उरत नाही आणि खड्ड्यातल्या हादऱ्याने तिला तडा जाऊ शकतो. स्टँडचे आणि भिंतीवरच्या ब्रॅकेटचे स्क्रू वेगळ्या पुडीत नाव लिहून ठेवावेत. चुकीचा लांब स्क्रू घातला तर तो आतल्या भागात घुसू शकतो.

नव्या घरी आधी सगळ्या केबल जोडाव्यात, वीज शेवटी द्यावी. टीव्ही पावसाळी दमट हवेतून आला असेल, तर तो तासभर तसाच ठेवून मग चालू करावा. चित्र आले नाही, तर संदेश कोण दाखवते आहे ते ओळखावे. No Signal ही टीव्हीची स्वतःची पाटी असेल, तर छत्रीचा त्यात काही दोष नसतो. एचडीएमआय केबल सैल आहे, बॉक्स बंद आहे किंवा टीव्हीवर चुकीचा इनपुट निवडला आहे. संदेश बॉक्सचा असेल, तर बॉक्सच्या मेनूमधले सिग्नलचे दोन आकडे पाहावेत. ताकद भरपूर आणि गुणवत्ता शून्य असेल, तर बहुधा केबल ठीक असून छत्रीचा रोख चुकला आहे. दोन्ही शून्य असतील, तर केबल, तिच्या टोकाची पिन किंवा एलएनबी तपासावी. पिनमध्ये जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला लागली असल्याचे अनेकदा आढळते. टोक कापून पिन नव्याने बसवली की हा दोष जातो. दोन्ही आकडे चांगले असूनही ठरावीक वाहिन्याच बंद असतील, तर प्रश्न रिचार्जचा किंवा पॅकेजचा असतो आणि तो कंपनीला फोन करूनच सुटतो.