निवेदकाच्या तोंडी शोभणारी जाहिरात

पॉडकास्टच्या मध्यावर निवेदक स्वतःच्या आवाजात प्रायोजकाबद्दल मिनिटभर बोलतो. त्या मिनिटासाठी मराठीत साधारण शंभर ते सव्वाशे शब्द लागतात. प्रायोजक स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवणारी संस्था असेल, तर हे शब्द लिहिणे अवघड जाते. क्लासच्या जाहिरातीची भाषा फ्लेक्सवर घडलेली असते आणि निवेदकाची भाषा गप्पांमध्ये.

लेखनाची सुरुवात ऐकण्यापासून होते. निवेदक पाहुण्याशी बोलत असताना, म्हणजे समोर कागद नसताना, कसा बोलतो हे पाहायचे. जुन्या भागातली अशी दोन-तीन मिनिटे जशीच्या तशी उतरवून काढली की पुष्कळ गोष्टी दिसतात. तो श्रोत्यांना ‘तुम्ही’ म्हणतो की ‘मित्रांनो’, वाक्य ‘बघा’ने सुरू करतो की ‘तर’ने, वाक्ये तोडून बोलतो की लांबवतो, हे त्यातून कळते. या लकबी मजकुरात एखाद-दुसऱ्या ठिकाणीच याव्यात. प्रत्येक वाक्यात ‘बघा’ आले तर ती निवेदकाची नक्कल होते, आणि नियमित श्रोत्याला ती लगेच कळते.

संस्थेकडून मुद्दे येतात ते बहुधा असे: ‘अनुभवी प्राध्यापकवृंद, अद्ययावत अभ्यासिका, परिपूर्ण मार्गदर्शन, उत्तरलेखनाचा सराव, मर्यादित जागा.’ यातला एकच मुद्दा उचलायचा, तोही निवेदकाला स्वतः पाहता येईल असा. पुण्यातल्या एका कल्पित संस्थेचे उदाहरण घेऊ. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे इथे उत्तरलेखनाचा मुद्दा कामाचा ठरतो. त्यासाठी संस्थेकडून तपासलेली एक उत्तरपत्रिका, विद्यार्थ्याचे नाव झाकून, मागवून घ्यायची. निवेदकाने ती वाचली की त्याच्याजवळ सांगण्यासारखे खरे काहीतरी असते. आवाजातला सहजपणा मुख्यतः त्यातूनच येतो. शब्दांची कारागिरी त्यानंतरची.

मग मजकूर असा होतो: “पुढे जाण्याआधी आजच्या प्रायोजकाबद्दल. ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे. बघा, वाचलेलं सगळं आठवतं, पण लिहायला बसलं की उत्तर अर्ध्यावर अडकतं, हे तुमच्यापैकी बरेच जण मला कळवतात. ही संस्था दर आठवड्याला उत्तरं लिहून घेते आणि तपासून परत देते. तपासलेला एक पेपर मी मागवून पाहिला. मला वाटलं, नुसते गुण असतील. पण दुसऱ्या उत्तरात कुठला मुद्दा सुटला, ते समासात लिहिलेलं होतं. एक तास बसून बघा, मग ठरवा. लिंक खाली दिली आहे.” इथे ‘सगळं’, ‘वाटलं’ असे बोलीतलेच उच्चार लिहिले आहेत. कागदावर ‘सगळे’, ‘वाटले’ लिहिले की वाचणाऱ्याची जीभ पुस्तकी होते. श्रोते खरोखरच तसे कळवत असतील तरच ते वाक्य ठेवावे, आणि पेपर पाहिलाच नसेल तर त्याचा उल्लेख काढावा.

कायद्याची बाजूही इथेच येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीची हमी देता येत नाही, जागा संपत आल्याचा खोटा धाक दाखवता येत नाही, आणि यशस्वी उमेदवाराचे नाव वापरायचे तर निवड झाल्यानंतर त्याची संमती घ्यावी लागते. शिवाय त्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ केला हेही सांगावे लागते. फक्त मुलाखतीच्या सरावाला आलेल्या उमेदवाराचे पूर्ण यश संस्थेच्या नावावर लावण्याची रीत यामुळेच अडचणीत येते. एका मिनिटात इतका तपशील मावत नाही, म्हणून निकालाचा मुद्दा पॉडकास्टमध्ये गाळलेलाच बरा. जाहिरात असल्याचे उघड सांगणे तर आवश्यकच आहे. त्याने सहजपणा बिघडतो अशी भीती अनाठायी आहे. चोरून घुसवलेली शिफारस श्रोत्याला जास्त खटकते.

मजकूर तयार झाला की निवेदकाने तो एकदा मोठ्याने वाचावा आणि मग कागद बाजूला ठेवून सांगावा. दुसऱ्या वेळी जी वाक्ये त्याने आपोआप बदलली ती त्याच्या तोंडची नव्हती, म्हणून बदललेलेच रूप ठेवावे. तो एरवीपेक्षा वरच्या पट्टीत गेला, किंवा ‘प्राध्यापकवृंद’सारख्या शब्दापाशी अडखळला, तर तिथे फ्लेक्सची भाषा शिल्लक आहे असे समजावे. संस्थेचे नाव, शुल्काची माहिती आणि सवलतीचा कोड मात्र लिहिल्याप्रमाणेच म्हणायचा. संस्थेची मंजुरी याच शेवटच्या रूपावर घ्यावी, नाहीतर काढलेली विशेषणे परत येतात.

पॉडकास्टचे जुने भाग वर्षानुवर्षे ऐकले जातात. ‘येत्या सोमवारी बॅच सुरू’ असे वाक्य महिन्याभरात शिळे होते. तारीख सांगायचीच असेल तर जाहिरातीचा तुकडा वेगळा रेकॉर्ड करावा, म्हणजे मुदत संपल्यावर मूळ भागाला हात न लावता तो काढता येतो.