पीडीएफच्या पोटात वेबपान

भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्रातले शोधनिबंध कुणालाही फुकट वाचता यावेत म्हणून आर्काइव्ह हे भांडार १९९१ पासून चालू आहे. समजा, पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला त्यातले दोन हजार निबंध हवे आहेत. एकेक करून हाताने उतरवणं जिवावर येतं, म्हणून ती छोटी स्क्रिप्ट लिहिते आणि घाईत एका वेळी वीस-वीस फाइली मागवते. सुरुवातीला निबंध भराभर येतात. स्क्रिप्ट शेवटपर्यंत विनातक्रार चालते, फोल्डरमध्ये दोन हजार फाइलीही दिसतात. उघडायला जावं तर निम्म्याअधिक उघडतच नाहीत.

अशा वेळी बहुधा मधेच कुठेतरी साइटने निबंधाऐवजी ‘तुम्ही माणूस आहात का?’ विचारणारं कॅप्चाचं पान पाठवलेलं असतं. माणसाला ते पान दिसलं असतं. स्क्रिप्टने मात्र ते निमूटपणे .pdf नावाने साठवून ठेवलं. ओळखायची खूण सोपी आहे: बिघडलेल्या फाइली आकाराने लहान आणि जवळपास सारख्याच असतात. खात्री करायची तर फाइलची पहिली चार अक्षरं बघावीत.

```
head -c 4 nibandh.pdf
```

उत्तर `%PDF` आलं तर निबंध खरा. `<!DO` किंवा `<htm` आलं तर आत वेबपान आहे.

साइटला एवढा संशय का यावा? सर्व्हरला मागणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसतो आयपी पत्ता, मागण्यांचा वेग आणि ब्राउझरने दिलेली स्वतःची ओळख. निबंध वाचणारा माणूस दोन क्लिकांमध्ये निदान काही सेकंद तरी थांबतो. एका क्षणात वीस निबंध कुणी वाचत नाही. त्यातही खर्च सगळ्या पानांचा सारखा नसतो. लोक वारंवार वाचतात ती पानं वाचकाजवळच्या सर्व्हरवर तयार ठेवलेली असतात, ती देणं स्वस्त पडतं. स्क्रिप्ट मात्र यादीतलं सगळं मागते, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेलंसुद्धा, आणि ते दरवेळी मूळ साठ्यातून काढावं लागतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२५ मध्ये हा हिशेब मांडला होता. पानं पाहणाऱ्यांत बॉटचा वाटा सुमारे ३५ टक्के, पण सर्वांत महागड्या रहदारीत तो ६५ टक्के.

आता कॅप्चा सोडवून देणाऱ्या सेवा विकत मिळतात, आयपी बदलत राहणारे प्रॉक्सीही मिळतात. त्याने आजची फाइल हाती येईल, पण सर्व्हरवरचा भार तसूभरही कमी होत नाही. उलट साइटवाल्याला आता एक पत्ता अडवून भागत नाही. तो पत्त्यांचा अख्खा पट्टाच अडवतो. वसतिगृहाच्या वायफायवर शेकडो मुलं एकाच आयपीमागे असतात, मोबाइल नेटवर्कवर तर अनोळखी ग्राहकही. एकाच्या स्क्रिप्टपायी सगळ्यांना वाहतूक दिव्यांची चित्रं निवडत बसावं लागतं. अंध वाचकांचे हाल तर विचारूच नका.

खरं तर आर्काइव्हने स्क्रिप्टला दार बंद केलेलंच नाही. त्याच्या एपीआयचा नियम स्वच्छ आहे: तीन सेकंदांत एकच मागणी, आणि एका वेळी एकच जोडणी. यंत्रांसाठी export.arxiv.org हा वेगळा पत्ताही ठेवला आहे. या चालीने दोन हजार निबंधांना सहा हजार सेकंद लागतील, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. प्रॉक्सी जुळवायला याहून जास्त वेळ जाईल!

```
wget --wait=3 -nc -i yadi.txt
```

यातलं `-nc` आधी उतरलेली फाइल पुन्हा मागत नाही. मात्र ते फक्त नाव बघतं, त्यामुळे पीडीएफच्या वेशातली वेबपानं आधी पुसावी लागतात. नाहीतर ती कायमची तशीच राहतील. शिवाय स्क्रिप्टला दोन गोष्टी शिकवाव्यात. सर्व्हरने ४२९ हा ‘फार मागण्या झाल्या’ सांगणारा क्रमांक पाठवला तर सोबतच्या Retry-After मध्ये दिलेला वेळ थांबायचं. वेळ दिला नसेल तर एक मिनिट, मग दोन, मग चार असं अंतर वाढवत न्यायचं. दुसरं, फाइल `%PDF` ने सुरू होत नसेल तर जागीच थांबायचं. User-Agent मध्ये आपला ईमेल दिला तर साइटवाला अडवण्याआधी निदान एक पत्र तरी पाठवू शकतो.

हळू गेलं म्हणजे परवानगी मिळाली असं मात्र नाही. पहिल्याच मागणीला कॅप्चा येत असेल, तर तिथे प्रश्न वेगाचा नसतो. त्या दारातून स्क्रिप्ट यायलाच नको असते. मग एपीआय आहे का ते बघावं किंवा सरळ विचारावं. आणि अख्खं भांडारच हवं असेल, तर तीन सेकंदांची चालही कामाची नाही: वीस लाखांहून जास्त निबंधांना दोन महिने उलटून जातील. त्यासाठी आर्काइव्हने सगळ्या फाइलींचे गठ्ठे ॲमेझॉनच्या एस-थ्री साठ्यात ठेवले आहेत. उतरवण्याचा खर्च तेवढा घेणाऱ्याने भरायचा.